मध्यरात्रीचं किंचाळणं आणि पहाटेचं रडणं

प्रश्न: माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपासून रात्री बाराच्या आसपास किंचाळून उठून बसतो. डोळे टक्क उघडे असतात, पण मला ओळखत नाही. जवळ घेतलं की ढकलतो, "आई पाहिजे" म्हणतो आणि मी समोरच असते. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप झोपतो, सकाळी काहीच आठवत नाही. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, नवरा म्हणतो वाईट स्वप्न पडतंय. परवा मात्र पहाटे साडेचारला "भूभू आला" म्हणून रडत उठला आणि तासभर मला सोडेना. हे एकच आहे का? नक्की काय करायचं?

उत्तर:

दोन्ही वेगळं आहे, आणि दोन्हीला करायच्या गोष्टी जवळजवळ उलट्या आहेत. बाराचा प्रकार नाइट टेरर, पहाटेचा भूभू म्हणजे वाईट स्वप्न. एकाच मुलाला दोन्ही होऊ शकतं, यात विशेष काही नाही. गोंधळ होतो तो आपल्याला दोन्ही वेळा रडणारं मूलच दिसतं म्हणून.

आधी बाराचं घेऊ, कारण तुमची झोप त्यानं उडवली आहे. लहान मूल झोपलं की पहिल्या दीड-दोन तासांत अतिशय गाढ झोपेत जातं. ही झोप इतकी खोल असते की गाडीतून काढून, कपडे बदलून, अंथरुणावर टाकलं तरी त्याला पत्ता लागत नाही. या गाढ झोपेतून मेंदू ठरावीक वेळानं थोडा वर येतो, कूस बदलतो आणि पुढच्या झोपेत उतरतो. काही मुलांचा मेंदू हे वर येणं अर्धवट करतो. छातीची धडधड, श्वास, घाम, हातपाय, ओरडणं हे सगळं जागं होतं, आणि माणसं ओळखणारा, आठवण साठवणारा भाग झोपेतच राहतो. म्हणून डोळे उघडे असतात आणि आई दिसत नाही. "आई पाहिजे" म्हणणारं मूल आईलाच लाथा मारतं, हे बघून आयांच्या पोटात खड्डा पडतो हे मला माहीत आहे. पण त्या वेळी ते तुम्हाला नाकारत नसतं. तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलेल्याच नसता. आणि मागं कुठलंही भयंकर दृश्य नसतं. 'टेरर' हे नाव बघणाऱ्याच्या भीतीवरून पडलं असावं असं मला कधीकधी वाटतं. मुलाला सकाळी काहीच आठवत नाही, कारण आठवण तयारच झालेली नसते.

पुस्तकात याचे आणखी पोटप्रकार आहेत. एकदम किंकाळी फोडून, घामाघूम होऊन, बुबुळं मोठी करून उठणं हा एक. हळूहळू कुरकुर, मग रडणं, मग हातपाय आपटणं, "नको, नको, जा" असं बरळणं हा दुसरा, आणि तुमच्या मुलाच्या वयात हा दुसराच जास्त दिसतो. झोपेत चालणं हेही याच घराण्यातलं. घरी वागायची रीत तिन्हीला एकच आहे, तेव्हा नावात अडकू नका.

आता स्वप्न. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात, विशेषतः पहाटेकडे जास्त असते. वाईट स्वप्न पडून गेलेलं असतं आणि मग मूल पूर्ण जागं होतं. ते तुम्हाला ओळखतं, हाका मारतं, गळ्यात पडतं, सोडत नाही, परत झोपायला घाबरतं. बोलता येत असेल तर "भूभू" इतकं तरी सांगतं. सकाळी किंवा दुपारी मध्येच परत तो विषय काढतं. तुमच्या दोन रात्रींच्या वर्णनात हे सगळं तुम्हीच लिहिलेलं आहे: पहिल्या प्रकारात तो ढकलतो, दुसऱ्यात चिकटतो. खरं तर ओळखायला एवढंच पुरतं. घड्याळ त्याला दुजोरा देतं.

नाइट टेरर किती साधी गोष्ट आहे याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा सांगतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९९७-९८ साली जन्मलेल्या जवळपास दोन हजार मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. दीड वर्षाच्या वयात सुमारे एक तृतीयांश मुलांना हे प्रकार होत होते. पाच वर्षांपर्यंत हे प्रमाण बरंच खाली आलं होतं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की आई किंवा बाबा लहानपणी झोपेत चालत असतील तर मुलानं चालण्याची शक्यता दुपटीहून जास्त. म्हणून मी ओपीडीत नेहमी आजीला विचारतो, "हा लहानपणी झोपेत उठायचा का हो?" आणि बऱ्याचदा आजी हसून सांगते, की याला एकदा दाराची कडी काढताना पकडलं होतं. तुमच्या सासूबाईंनाही विचारून बघा. कदाचित त्यांच्याच मुलाचं एखादं जुनं प्रकरण निघेल आणि 'बाहेरचं' घरातलंच निघेल.

'बाराच्या ठोक्याला' याबद्दल माझ्याकडच्या एका मुलीची हकीकत सांगतो, कारण तुमचं उत्तर बरंचसं तिच्यातच आहे.

मुलगी दोन वर्षं नऊ महिन्यांची. जूनमध्ये प्लेग्रुपला घातली. जुलैत आई-बाबा आणि आजी असे तिघंही तिला घेऊन आले, तक्रार अगदी तुमच्यासारखीच. आजींचं म्हणणं, रोज बरोबर बारा ते साडेबाराच्या मध्येच होतं, याचा अर्थ काय तो समजा. मी त्यांना दहा दिवसांची वही लिहायला सांगितली: किती वाजता झोपली, दुपारी किती झोपली, किती वाजता किंचाळली, किती मिनिटं चाललं, सकाळी कधी उठली. बाकी काही लिहायचं नाही. दहापैकी सात रात्री प्रकार झाला होता. पण वहीत मला जास्त बोलकी वाटली ती झोपेची बेरीज.

शाळेआधी ही मुलगी रात्री दहाला झोपून आठला उठायची आणि दुपारी दीड-पावणेदोन तास झोपायची, म्हणजे साडेअकरा-पावणेबारा तास. शाळा सुरू झाल्यावर रिक्षावाले काका पावणेआठला यायचे, म्हणून सातला उठवणं सुरू झालं. दुपारी झोपली तर रात्री लवकर झोपणार नाही, या हिशेबानं आईनं दुपारची झोप बंद केली. पण बाबांचं दुकान साडेनऊला बंद व्हायचं, ते आल्यावर खेळ, मग दूध, झोपायला पावणेअकरा. बेरीज सव्वाआठ तास. या वयाला दुपार धरून साधारण अकरा-बारा तास झोप हवी असते. रोज तीन तासांची उधारी साठत होती.

थकलेलं मूल नुसतं जास्त झोपत नाही, ते जास्त खोल झोपतं. पहिल्या दोन तासांतली झोप विहिरीसारखी खोल होते, आणि त्या खोलीतून वर येताना मेंदू मध्येच अडकण्याची शक्यता वाढते. म्हणून 'दमवलं की शांत झोपेल' हा घरगुती हिशेब इथं उलटा पडतो. नाइट टेररवरचा मुख्य उपाय दिवसाच्या वेळापत्रकात असतो. रात्री बारा वाजता करण्यासारखं फार थोडं असतं.

त्यांनी दोन बदल केले. दुपारी जेवण झालं की सव्वा वाजता झोपवणं आणि तीनच्या आत उठवणं. रात्री नऊला दिवा बंद, बाबा घरी असोत वा नसोत. बाबांचा खेळ सकाळी सव्वासातला, दात घासताना. हे लिहायला सोपं आहे; बाबांचा चेहरा पडला होता, कारण दिवसभरात लेक भेटायची ती तेवढीच. पण ते तयार झाले. पहिल्या पाच रात्रींत दोनदा प्रकार झालाच. फक्त आता तो बाराला झाला नाही, साडेदहाला झाला. आजींनी स्वतः वहीत लिहिलं होतं, '१०.३५'. झोपल्यापासून दीड तास हे अंतर तसंच राहिलं, आणि झोपेची वेळ मागे सरकली तसा 'बाराचा ठोका'ही सरकला. यावर मी काहीच भाष्य केलं नाही, आजीच म्हणाल्या, "म्हणजे हे झोपेचंच आहे की." तिसऱ्या आठवड्यात एकदाच झालं, नंतर दोन महिने नाही.

तेव्हा तुमचं पहिलं काम वही. गेल्या महिन्यात काय बदललं तेही त्यात लिहा: शाळा, घर, प्रवास, ताप, सर्दी, दुपारची झोप, शेजारचं बांधकाम. ताप आणि प्रवास ही दोन कारणं मला सगळ्यात जास्त दिसतात. झोपण्याआधी शू करायला न्या, भरलेलं मूत्राशयही गाढ झोपेत ढवळाढवळ करतं.

आता प्रत्यक्ष बारा वाजता काय करायचं. जमेल तितकं कमी. त्या मुलीच्या बाबांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता, चौदा मिनिटांचा. मी तो त्यांच्यासोबत बसून पाहिला. सुरुवातीला मुलगी अंथरुणावर बसून ओरडते आहे, हात हवेत. तिसऱ्या मिनिटाला आवाज उतरतो, ती आडवी व्हायला लागते. तेवढ्यात कुणीतरी ट्यूबलाइट लावतं. ती परत उठते. पाचव्या मिनिटाला पुन्हा उतार, आणि आई तिला उचलून खांद्यावर घेते. ती धनुष्यासारखी मागे वाकते, किंकाळ्या दुप्पट. मग तोंडावर पाण्याचा हबका, मग "अगं बघ ना, मी आई" असं हलवून हलवून, मग कुणीतरी मोबाइलवर बडबडगीत लावतं. दर वेळी शांत व्हायला निघालेल्या मुलीला आपणच परत वर खेचत होतो. व्हिडिओ संपेपर्यंत बाबा गप्प झाले होते. मी हे त्यांना हिणवायला दाखवलं नाही. माझ्या स्वतःच्या मुलाला तीन वर्षांचा असताना मी मध्यरात्री कडेवर घेऊन जिन्यात फिरवत होतो, बालरोगतज्ज्ञाची पदवी भिंतीवर टांगलेली असताना. हातात रडणारं मूल असलं की शिकलेलं सगळं विसरतं.

तर असं करा. जवळ जा, पण उचलू नका. मंद दिवा असेल तर तोच राहू द्या. तो पलंगावरून पडणार नाही, भिंतीवर डोकं आपटणार नाही एवढं बघा, हात आडवा धरा किंवा उशी लावा. बोलायचंच असेल तर एकच वाक्य, हळू आवाजात, तेच तेच: "झोप बाळा, मी इथे आहे." प्रश्न विचारू नका, कारण उत्तर देणारा जागा नाही. काही मुलांना पाठीवर हात चालतो, काहींना स्पर्शच नको असतो. तुमचा ढकलतो म्हणताय, मग हात काढून घ्या. घड्याळ मात्र बघा. रात्री तीन मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात, आणि 'तासभर चालतं' म्हणून सांगितलेले प्रकार वहीत बहुधा आठ-दहा मिनिटांचे निघतात. संपलं की मूल आडवं होऊन एकदम गाढ झोपतं. त्यानंतर "बरं आहे ना रे?" म्हणून उठवू नका.

सकाळी त्याला हे सांगू नका. मुलासमोर शेजारणीला, मामाला फोनवर, "काय सांगू, रात्री कसा किंचाळत होता" हे बंद. त्याला स्वतःला काहीच माहीत नसतं. आपण सांगून त्याला झोपेचीच धास्ती बसवतो, आणि मग झोपायच्या वेळी खरीखुरी रडारड सुरू होते, झोप आणखी उशिरा जाते, आणि चक्र फिरतच राहतं.

घराची एक फेरी मारा. मूल उठून धावत असेल तर अंथरूण जमिनीवर घ्या, पलंगाच्या कोपऱ्यांपासून दूर. बाल्कनीच्या आणि मुख्य दाराला वरची कडी लावा, जिन्याला फाटक असेल तर बंद ठेवा, खिडकीला जाळी नसेल तर खिडकीखाली खुर्ची-स्टूल ठेवू नका. रात्रीच्या प्रकारात खरा धोका असतो तो पडण्याझडण्याचाच.

दृष्ट काढण्याबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण घरात तो विषय चालू आहे हे दिसतंय. माझं मत असं: संध्याकाळी दिवेलागणीला सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळली तर मुलाचं काही बिघडत नाही आणि त्यांचं मन शांत होतं. पण मध्यरात्री, प्रकार चालू असताना, दिवे लावून, मिरच्यांचा धूर करून नको. धुरानं दम लागलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. आणि दृष्ट काढल्यावर 'गुण' का येतो तेही सांगून ठेवतो. हे प्रकार लाटांसारखे येतात. आठ-दहा वाईट रात्री, मग आपोआप शांतता. माणूस उपाय करतो तो लाट टोकाला असताना. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती ओसरणारच असते. हाच न्याय आमच्या औषधांनाही लागू आहे, म्हणून मी यासाठी औषध लिहीत नाही. सर्दीचं गुंगी आणणारं सिरप 'जरा झोपेल' म्हणून देऊ नका. जायफळ उगाळून चाटवण्याची पद्धतही आवरा: जरा जास्त गेलं तर जायफळानंच मूल बेचैन होतं आणि भलतंच वागतं.

झोपेची बेरीज दोन-तीन आठवडे नीट सांभाळूनही जवळजवळ रोज, आणि ठरावीक वेळी प्रकार होत राहिला, तर एक युक्ती आहे. वहीवरून नेहमीची वेळ काढा. समजा तो नऊला झोपतो आणि साडेदहाला उठतो. तर रोज सव्वादहाला, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं आधी, त्याला हलकेच हलवा. खांद्याला स्पर्श, नावानं हाक, उशी सरकवणं, इतपतच. तो 'ऊं' करून कूस बदलेल किंवा डोळे किलकिले करील, की सोडून द्या. पूर्ण जागा करून गप्पा मारायच्या नाहीत. यानं त्या खोल झोपेचा साचा मोडतो आणि अडकण्याची जागा टळते. दोन ते चार आठवडे न चुकता करायचं, मग थांबायचं. हलवल्यावरच किंचाळायला लागला तर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आणखी आधी हलवून बघा. ज्यांच्या वहीत वेळा विस्कटलेल्या आहेत, कधी दहा, कधी दोन, आठवड्यात एकदा, त्यांनी या भानगडीत पडू नये. नाहक झोपमोड होते. आणि वेळापत्रक न सुधारता फक्त ही युक्ती केली तर ती सोडल्यावर प्रकार परत येतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

आता भूभू. इथं सगळं उलटं. लगेच जा, उचला, जवळ घ्या. हा मुलगा पूर्ण जागा आहे, घाबरलेला आहे, आणि त्याला कळतंय की तुम्ही आहात. पावणेतीन वर्षांच्या मुलाला 'स्वप्न' म्हणजे काय हे समजत नाही. त्याच्या लेखी कुत्रा आत्ता खोलीत होता. "कुठे काय आहे, काही नाही, झोप" असं म्हटलं तर त्याला एवढंच कळतं की आईला कुत्रा दिसला नाही. त्यापेक्षा, "भूभू दिसला? घाबरलास ना. आता भूभू नाही, आई आहे," एवढं पुरे. बॅटरी घेऊन पलंगाखाली शोधमोहीम काढू नका, शोधतोय म्हणजे असण्याची शक्यता आहे असं तो समजतो. दिवा मंद, पाणी दोन घोट, आणि त्याच्याच अंथरुणाशी बसून राहा. त्या रात्री तुमच्या कुशीत झोपला तरी माझी हरकत नाही, एका रात्रीनं सवयी लागत नाहीत. फक्त त्याचं लक्ष वळवायला मोबाइल देऊ नका. पहाटे साडेचारला कार्टून मिळतं हे मुलाच्या चटकन लक्षात येतं, आणि मग 'स्वप्नं' रोज पडायला लागतात.

दिवसा त्यानं विषय काढला तर ऐका, तुम्ही मुद्दाम उकरू नका. कुत्र्याचं चित्र काढून त्याला टोपी घालणं, कुत्र्याला बिस्कीट देऊन घरी पाठवणं, असले खेळ या वयात चांगले चालतात. खऱ्या आयुष्यात भूभू कुठून आला तेही बघा. गल्लीतला कुत्रा अंगावर धावला का? जेवताना "खा, नाहीतर भूभू येईल" असं कोणी म्हणतं का? हे विचारल्यावर ओपीडीत एक विशिष्ट शांतता पसरते आणि सगळे एकमेकांकडे बघतात. बागुलबुवा, पोलीसकाका, इंजेक्शनवाले डॉक्टर, सगळ्यांना जेवणाच्या ताटावरून रजा द्या. झोपण्याआधीचा तासभर टीव्ही-मोबाइल बंद. घरात मोठ्यांसाठी चालू असलेली मालिकाही यात मोजायची. मूल पाठ करून खेळत असलं तरी कान तिकडेच असतात.

स्वप्नं अचानक वाढली असतील तर एक औषध तपासा. वारंवार खोकला, बालदमा किंवा ॲलर्जीसाठी मॉन्टेलुकास्ट हे औषध आपल्याकडे मुलांना सर्रास दिलं जातं, बऱ्याचदा लिव्होसेट्रिझिनसोबत एकाच सिरपमध्ये. काही मुलांना त्यानं वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड होते, झोप बिघडते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०२० साली याबद्दल सगळ्यात ठळक दर्जाची सूचना द्यायला लावली. बाटलीवर ही नावं वाचा. परस्पर बंद करू नका, पण ज्यांनी लिहून दिलं त्यांना स्वप्नांबद्दल नक्की सांगा. ही गोष्ट पालक आपणहून सांगत नाहीत, कारण खोकल्याचं औषध आणि भूभू यांचा संबंध कोणाच्या डोक्यात यायचा?

डॉक्टरांकडे कधी जायचं? घोरत असेल तर जा, मग टेरर असो वा नसो. रोज घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, मान मागे टाकणं, मध्येच श्वास अडकून गपकन घेणं, ही ॲडेनॉइड किंवा टॉन्सिल वाढल्याची लक्षणं असू शकतात. श्वास अडला की झोप सारखी अर्धवट मोडते आणि टेररला आयतं निमित्त मिळतं. अशा काही मुलांचे टेरर नाकाघशाच्या उपचारानंतर थांबतात. झोपताना पाय सारखे चाळवणारी, दूधच दूध पिणारी, फिकट मुलं असतील तर रक्तातलं लोह तपासून घ्यावं, कारण लोह कमी असलं की पायांची चुळबुळ वाढते आणि झोप तुकड्या-तुकड्यांत होते.

आणि फिट येत नाही ना, हे एकदा बघून घ्यायला हवं. झोपेतल्या काही फिट टेररसारख्या दिसतात. फरक असा, की त्या बहुधा दोन मिनिटांच्या आत संपतात, एका रात्रीत अनेकदा येतात, रात्री कुठल्याही प्रहरी येतात, आणि दर वेळी तीच हालचाल अगदी छापल्यासारखी होते: तोच हात वर, तीच मान वळलेली, तोच आवाज. टेरर दर रात्री थोडा वेगळा असतो. तोंडाची किंवा अंगाची एकच बाजू उडणं, लाळ गळणं, ओठ निळे पडणं, अंग ताठ होणं, नंतर एक हात किंवा पाय लुळा वाटणं, किंवा असंच काही दिवसा जागेपणी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. तुम्ही लिहिलेल्यात असं काही नाही. झोपल्यापासूनचं अंतर ठरावीक, रात्रीतून एकदाच, दहा-पंधरा मिनिटं, बडबड आणि ढकलाढकली, हे टेररचंच चित्र आहे.

तरी येताना एक व्हिडिओ घेऊन या, पंधरा मिनिटांच्या वर्णनापेक्षा एक मिनिटाचा व्हिडिओ आम्हाला जास्त सांगतो. फक्त तो काढण्यासाठी ट्यूबलाइट लावू नका, मंद उजेडात चालेल. पांघरूण अलगद बाजूला करा, म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय दिसतील. चेहरा चौकटीत असू द्या, सुरुवात चुकली तरी शेवट, म्हणजे तो आडवा होऊन झोपेपर्यंतचा भाग, कापू नका. आणि झोपेची वही सोबत आणा, दुपारच्या झोपेच्या वेळांसकट.